फोटोतली सही त्याच कागदावर झाली आहे का? डकवलेली सही तपासण्याची पद्धत

सोसायटीच्या ऑफिसात, वकिलाच्या टेबलावर किंवा घरात, सहीचा वाद निघाला की बहुतेक लोक एकच गोष्ट करतात. जुनी सही काढतात, नवी तिच्या शेजारी धरतात आणि म्हणतात, “हुबेहूब आहे, त्यांचीच आहे.” मग कागद मंजूर होतो. बनावट सही हाताने गिरवलेली असेल तर या पद्धतीने कधीकधी पकडली जाते. दुसऱ्या फोटोतून उचलून डकवलेली सही मात्र अशी कधीच पकडली जाणार नाही, कारण ती सही खरीच असते. हात त्याच माणसाचा, पेनही त्याचंच. फक्त कागद दुसरा.

म्हणून ‘ही सही त्यांची आहे का’ हा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि ‘ही सही याच कागदावर केली गेली का’ एवढंच विचारायचं. पुढचे सगळे टप्पे या एका प्रश्नासाठी आहेत, आणि त्यांचा क्रम बदलू नये.

उदाहरण म्हणून एक नेहमीचं प्रकरण धरू. वडिलांच्या नावावरचा फ्लॅट धाकट्या भावाच्या नावे करायचा आहे. थोरला भाऊ मस्कतला असतो. त्याचं तीन पानी संमतीपत्र व्हॉट्सॲपवर फोटोंच्या रूपात आलंय. प्रत्येक पानाच्या तळाशी टिंबांची ओळ आणि तिच्यावर निळ्या बॉलपेनची सही आहे. सेक्रेटरींना शंका आहे, पण नेमकी कशाची ते सांगता येत नाही.

## १. आधी फाइल नीट मिळवा

चुकांची सुरुवात इथेच होते. फोटो ज्याने पाठवला त्याच्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून ग्रुपवर, ग्रुपवरून स्क्रीनशॉट काढून तुमच्याकडे, असा प्रवास करून आलेल्या चित्रात तपासण्यासारखं फारसं उरत नाही.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि कॅमेऱ्याने आत लिहिलेली माहितीही निघून जाते. याचा अर्थ हिशेबाने बघा. ए-फोर कागद २९७ मिलिमीटर उंच असतो. तो पूर्ण फोटोभर बसला असं धरलं, तर एका मिलिमीटरला जेमतेम पाच पिक्सेल येतात. बॉलपेनची रेघ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे अख्खी रेघ दोन-तीन पिक्सेलची. एवढ्यात तिची कडा कशी आहे हे कोणीच सांगू शकत नाही. तोच फोटो मोबाइलमधल्या मूळ आकारात, ४००० पिक्सेलचा मिळाला, तर तीच रेघ सहा-सात पिक्सेलची होते आणि काहीतरी बोलता येतं.

म्हणून पाठवणाऱ्याला सरळ सांगा: “तोच फोटो गॅलरीतून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.” असं केलं की फाइल जशीच्या तशी येते. ईमेलला जोडूनही चालेल.

फाइल आली की तिला हात न लावता एका फोल्डरमध्ये ठेवा आणि तिचा हॅश, म्हणजे फाइलमध्ये जराही बदल झाला की बदलणारा तिचा ओळख-क्रमांक, काढून तारखेसह लिहून ठेवा. विंडोजवर:

```
certutil -hashfile pan1.jpg SHA256
```

प्रकरण पुढे कोर्टात गेलं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश द्यावा लागतो. शिवाय ‘तुम्हीच फाइल बदलली’ असं उद्या कोणी म्हणालं तर उत्तर तयार असतं. पुढचं सगळं काम प्रतीवर करायचं.

थांबा आणि तपासा: रेघ चार पिक्सेलपेक्षा बारीक असेल तर टप्पा ४ मधली कडांची तपासणी करू नका. बाकीचे टप्पे करता येतात.

## २. तुलनेच्या सह्या गोळा करा, पण उघडू नका

डकवलेली सही कुठून तरी उचललेली असते. ती कुठून उचलता आली असती, याची यादी करा. पॅन कार्ड, दिलेल्या चेकचा फोटो, जुना भाडेकरार, सोसायटीकडे भरलेले फॉर्म. उचलणाऱ्याला हाताशी काय होतं, हा विचार इथे कामाला येतो. आपल्या उदाहरणात धाकट्या भावाकडे थोरल्याचं पॅन कार्ड आणि दोन वर्षांपूर्वीचा सभासदत्वाचा अर्ज, दोन्हींचे फोटो होते.

दुसरीकडे, त्याच माणसाच्या त्याच काळातल्या पाच-सहा साध्या सह्याही मिळवा. त्याची सही स्वतःत किती बदलते हे कळल्याशिवाय ‘जास्तच जुळते’ असं म्हणता येत नाही. काही लोकांची सही दरवेळी वेगळी असते. बँकेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाची सही मात्र छापल्यासारखी असू शकते.

हे सगळं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि टप्पा ५ पर्यंत बघू नका. आधी जुळणी बघितली की डोळा नंतर सगळीकडे पुरावेच शोधतो. ऐकायला शिस्तीचा बाऊ वाटेल, पण निष्कर्ष चुकण्याचं हे फार मोठं कारण आहे.

## ३. सही सोडून कागद बघा

आता संशयित फोटो जिंपमध्ये किंवा दुसऱ्या कुठल्याही चांगल्या एडिटरमध्ये उघडा. सहीकडे अजून बघायचं नाही. सहीच्या आजूबाजूचा कागद बघायचा.

खऱ्या कागदाचा फोटो कधीच एकसारखा पांढरा नसतो. खिडकीकडची बाजू उजळ, हाताच्या सावलीची बाजू करडी, आणि अधे कुठे तरी हळूहळू होणारा बदल. सही जिथे डकवली तिथे दुसऱ्या खोलीतला, दुसऱ्या दिव्याखालचा कागद सहीबरोबर येतो. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कारण फिकट रंगांतला फरक आपल्याला कळत नाही. तो ताणून मोठा करावा लागतो.

`Colors → Levels` उघडा आणि डावीकडचा काळा त्रिकोण उजवीकडे सरकवत १८० ते २०० च्या आसपास न्या. अक्षरं काळी ठिक्कर होतील, होऊ द्या. कागदातले फिकट फरक आता ठळक होतात. सहीभोवती चौकोन, लंबगोल किंवा हाताने कापल्यासारखा ओबडधोबड आकार उमटला तर तो टिपून ठेवा.

मग रंग मोजा. `Color Picker` घ्या, त्याचा `Sample average` चालू करा आणि सहीलगतच्या कागदावर तीन-चार ठिकाणी, आणि तिथून दोन-तीन सेंटिमीटर दूर तीन-चार ठिकाणी, लाल-हिरवा-निळा आकडा वाचा. आपल्या उदाहरणात पहिल्या पानावर दूरचा कागद २१४-२०६-१९० च्या जवळ होता, म्हणजे पिवळसर बल्बखालचा. सहीलगतचा कागद २२६-२२५-२२३ होता, जवळजवळ शुद्ध पांढरा. एकाच दिव्याखाली दोन सेंटिमीटरमध्ये कागदाचा पिवळेपणा असा अचानक जात नाही. सावलीने कागद काळपट होतो, पण रंगाचा तोल सहसा असा पालटत नाही.

आणखी एक खूण, जी लोक हमखास सोडून देतात. खऱ्या फोटोत शेजारशेजारचे पिक्सेल थोडेथोडे वेगळे असतात. कॅमेऱ्याची बारीक खरखर असते ती. कोणी ब्रशने जागा पुसून सही बसवली असेल तर तेवढा पट्टा गुळगुळीत होतो, सगळे पिक्सेल एकाच आकड्याचे. ८०० टक्के मोठं करून बघा.

सावधान: मोबाइलवरची स्कॅनिंग ॲप्स कागद आपोआप पांढरा करतात, आणि अक्षरांच्या आजूबाजूला पांढरट कड सोडतात. अशा फोटोत सहीभोवती जे दिसतं ते छापील अक्षरांभोवतीही दिसतं का, हे आधी बघा. सगळीकडे सारखं असेल तर ते ॲपचं काम आहे, सहीबद्दल त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

## ४. सही आणि छपाई जिथे भेटतात ती जागा

सही बहुधा कशावर तरी येते: टिंबांची ओळ, नावाचा कंस, गोल शिक्का. डकवणाऱ्याला सगळ्यात त्रास इथेच होतो, आणि तपासणाऱ्याला सगळ्यात जास्त माहितीही इथेच मिळते.

टिंबांची ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट ठेवल्यासारखी, सावकाश बघत जा. सहीच्या शेपटीखाली दोन-चार टिंबं गायब आहेत का? अर्धं टिंब कापलं गेलंय का? सहीबरोबर आलेला पांढरा तुकडा टिंबांवर बसला की असं होतं. उलटही होतं: मूळ कागदावरचा एखादा तुकडा सहीबरोबर चुकून येतो. चेकवरून उचललेल्या सहीत खालच्या बारीक छपाईचा ठिपका किंवा पार्श्वभूमीची नक्षी अडकून राहते. सभासदत्वाच्या अर्जावर सहीच्या चौकटीची बारीक उभी रेघ होती. आपल्या दुसऱ्या पानावर सहीच्या पहिल्या अक्षराला लागून तीन मिलिमीटरची करडी उभी रेघ दिसली, जिचा संमतीपत्राशी काही संबंधच नव्हता.

जरा जाणकार माणूस सही डकवताना लेयर `Multiply` करतो. मग पांढरं सगळं नाहीसं होतं, फक्त शाई उरते आणि टिंबंही शाबूत राहतात. अशा वेळी टप्पा ३ मध्ये काहीच सापडत नाही. त्याने निराश होऊ नका, पण ‘काही सापडलं नाही म्हणजे सही खरी’ असंही लिहू नका.

फाइल मोठी असेल तर इथे कडा बघा. एकाच फोटोतली सही आणि तिच्या शेजारची छापील ओळ साधारण सारखीच स्पष्ट किंवा सारखीच पुसट असायला हवी, कारण फोकस एकच असतो. छपाई पुसट आणि सही कातरल्यासारखी तीक्ष्ण, किंवा याच्या उलट, असं असेल तर नोंद करा. रंगाच्या पसरण्यावरून मात्र काही ठरवू नका. जेपेग साठवताना रंगाची माहिती सहसा उजेडापेक्षा कमी तपशिलात ठेवली जाते, त्यामुळे निळ्या रेघेभोवती निळसर धूर दिसणं अगदी नेहमीचं आहे.

पान तिरकं धरून फोटो काढलेला असेल तर आणखी एक गोष्ट बघता येते. दूरच्या बाजूला छापील अक्षरं लहान होत जातात आणि ओळी एकमेकींकडे झुकतात. सहीखालची सरळ रेघ त्या झुकण्यात बसते का? माणसं सही तिरकी करतात, त्यामुळे एका पानावर याला फार किंमत नाही. तिन्ही पानांचे फोटो वेगवेगळ्या कोनांतून काढलेले असूनही तिन्ही सह्या समोरून पाहिल्यासारख्या सरळ असतील, तर मात्र किंमत आहे.

इंटरनेटवरच्या ‘फोटो फॉरेन्सिक’ साइटबद्दल: तिथे फोटो टाकला की एक काळं चित्र येतं आणि त्यात सही चमकते. या पद्धतीत जिथे जिथे गडद रेघ पांढऱ्यावर असते तिथे चमक येतेच, खऱ्या सहीवरही येते. शिवाय व्हॉट्सॲपने संपूर्ण चित्र नव्याने दाबलेलं असल्यामुळे जुना फरक बराचसा पुसला गेलेला असतो. त्या चमकीवरून कोणावर आरोप करू नका. आणखी एक, दुसऱ्याचा कागद अनोळखी साइटवर चढवणं हेच मुळात बरोबर नाही.

## ५. आता जुळवा: एकावर एक ठेवून

इथे पहिल्यांदा बाजूला ठेवलेलं फोल्डर उघडायचं. पण त्याआधी त्याच कागदाची पानं एकमेकांशी जुळवा. हे बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. उचललेली सही एकच हाताशी असेल तर तीच सगळ्या पानांवर बसवली जाते. मूळ कागद कधीच सापडला नाही तरी पानांच्या आपसातल्या जुळणीवरून काम होतं.

पद्धत अशी:

१. प्रत्येक पान सरळ करा. जिंपमध्ये `Perspective` टूल घ्या, `Corrective (Backward)` निवडा, पानाचे चार कोपरे धरा. मग पान २१०० × २९७० पिक्सेलचं करा. आता १० पिक्सेल म्हणजे १ मिलिमीटर, मोजणं सोपं होतं.

२. सही आजूबाजूच्या थोड्या कागदासह कापून घ्या. एक सही लाल रंगात, दुसरी निळ्यात करा.

३. वरच्या लेयरची पारदर्शकता ५० टक्के ठेवा. एकमेकांपासून लांब असलेले दोन बिंदू निवडा, उदाहरणार्थ पहिल्या अक्षराची सुरुवात आणि शेवटच्या रेघेचं टोक. हे दोन बसतील एवढंच फिरवा आणि एवढंच लहान-मोठं करा.

४. आता मधला भाग बघा. तिथे काहीही हलवायचं नाही.

चौथी पायरी अवघड आहे, कारण हात शिवशिवतो. थोडं रुंद केलं, थोडं एका कोपऱ्यातून ओढलं की कुठल्याही दोन सह्या जवळ येतात. मग ती जुळणी तुम्ही केलेली असते, सापडलेली नसते. रुंदी आणि उंची एकाच प्रमाणात बदला, बस.

निकाल वाचताना अंतरापेक्षा अंतर कसं बदलतं ते बघा. त्याच माणसाने दोनदा केलेल्या सहीत फरक वेडावाकडा असतो: एक काना अर्धा मिलिमीटर डावीकडे, पुढची वेलांटी उजवीकडे, शेवटची रेघ लांब. कागद फुगलेला असेल किंवा कोपरे नीट धरले नसतील तर फरक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश वाढत जातो. पहिला फरक हाताचा, दुसरा फोटोचा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत रेघेवर रेघ बसत असेल, किंवा फक्त असा सावकाश वाढणारा फरक असेल, तर दोन्ही सह्या एकाच मूळ सहीच्या प्रती असण्याची शक्यता खूप मोठी आहे.

आकारापेक्षाही पक्का पुरावा म्हणजे पेनचे अपघात. बॉलपेन मध्येच शाई सोडत नाही, वळणानंतर शाईची गुठळी पडते, कागदाच्या खरबरीतपणामुळे रेघेत फट राहते. हे अपघात माणूस ठरवूनही पुन्हा त्याच जागी करू शकत नाही. आपल्या उदाहरणात तिन्ही पानांवर दुसऱ्या अक्षराच्या उतरत्या रेघेत एकाच जागी सुमारे एक मिलिमीटरची फट होती, आणि शेवटच्या वळणावर एकाच आकाराची गुठळी. सभासदत्वाच्या जुन्या अर्जावरही तेच. करडी उभी रेघ कुठून आली हेही तिथेच कळलं.

थांबा आणि तपासा: सही म्हणजे नुसती दोन फटकारे असतील तर ती अपघातानेही बऱ्यापैकी जुळते. अशा वेळी फट-गुठळी मिळाल्याशिवाय जुळणीला महत्त्व देऊ नका. आणि बाजूला काढलेल्या पाच-सहा साध्या सह्याही याच पद्धतीने आपसांत जुळवून बघा. त्या एकमेकींवर बसत नाहीत हे दाखवता आलं तरच बसलेल्या सहीला अर्थ येतो.

## ६. डकवून, प्रिंट काढून पुन्हा फोटो काढला असेल तर

टप्पा ३ आणि ४ मध्ये कागद स्वच्छ निघाला, पण टप्पा ५ मध्ये सही तंतोतंत बसली, तर बहुधा सही कॉम्प्युटरवर बसवून, रंगीत प्रिंट काढून, मग त्या प्रिंटचा फोटो पाठवलाय. तेव्हा उजेड, सावली, फोकस सगळं खरं असतं, कारण कागद खरंच एक असतो. फोटोत आणखी खोदून काही हाती लागत नाही.

इथे नवा फोटो मागायचा. नम्रपणे, पण नेमका: “मूळ कागद टेबलावर ठेवा, खोलीतला दिवा कमी करा, दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा आणि फक्त सहीचा जवळून फोटो काढा. मग कागद उलटा करून मागच्या बाजूचाही तसाच काढा.” आडव्या उजेडात बॉलपेनने दाबलेला चर दिसतो, आणि मागच्या बाजूला त्याचा उठाव. प्रिंटमध्ये चर नसतो. जवळून बघितलं तर प्रिंटमधली निळी रेघ आकाशी आणि गडद गुलाबी ठिपक्यांची बनलेली दिसते, पेनची रेघ सलग असते. जेल पेन किंवा शाईचं पेन फारसं दाबलं जात नाही, तेव्हा चर नाही म्हणून लगेच प्रिंट ठरवू नका, ठिपके बघा.

मूळ कागद मिळत असेल तर हा सगळा खटाटोप करण्यापेक्षा तोच मागवा. तो हाती असताना फोटो तपासत बसण्यात अर्थ नाही.

## ७. काय लिहायचं आणि काय नाही

सही डकवलेली निघाली म्हणजे फसवणूक झाली, असं नसतं. परदेशातला माणूस स्वतःच आपल्या सहीचं चित्र मोबाइलमध्ये ठेवतो आणि पीडीएफवर लावून पाठवतो, हे आज सर्रास चालतं. काही ऑफिसांत सहीचा रबरी शिक्का असतो आणि त्याचे ठसेही एकमेकांवर बसतात. म्हणून अहवालात ‘खोटी’, ‘बनावट’ हे शब्द येऊ देऊ नका. ते ठरवायला थोरल्या भावाला थेट फोन करावा लागतो, आणि तो फोन फोटोसोबत आलेल्या नंबरवर नव्हे, सोसायटीच्या रजिस्टरमधल्या जुन्या नंबरवर करायचा.

कोर्टात सहसा दस्तऐवज तज्ज्ञाचं मत लागतं. तुमची नोंद त्याच्याकडे जाईपर्यंत कागद रोखून धरण्यासाठी आहे. आपल्या उदाहरणातली नोंद एवढीच झाली:

“तीन पानांचे मूळ फोटो अमुक तारखेला डॉक्युमेंट स्वरूपात मिळाले, हॅश सोबत जोडले आहेत. पान १ वर सहीलगतच्या कागदाचा रंग उरलेल्या कागदापेक्षा वेगळा आहे. पान २ वर सहीला लागून या कागदाशी संबंध नसलेली उभी रेघ आहे. तिन्ही पानांवरील सह्या समान प्रमाणात लहान-मोठ्या केल्यावर एकमेकींवर आणि सभासदत्वाच्या अर्जावरील सहीवर रेघेवर रेघ बसतात, शाईतील फट आणि गुठळी एकाच जागी आहे. त्याच व्यक्तीच्या इतर पाच सह्या एकमेकींवर अशा बसत नाहीत. यावरून तिन्ही पानांवरील सही त्या अर्जावरील सहीची प्रत असल्याचे दिसते. ती कोणी व कोणाच्या संमतीने बसवली हे फोटोंवरून सांगता येत नाही. मूळ कागद सादर होईपर्यंत हस्तांतरणाची कार्यवाही थांबवावी.”